दुकानाच्या दिवाळी रांगोळी स्पर्धेचं कॅप्शन कसं लिहावं: नियम, परीक्षण, बक्षिसं आणि शेवटची तारीख

दिवाळी आली की तालुक्याच्या गावातलं कापडाचं, किराण्याचं, भांड्यांचं एखादं तरी दुकान रांगोळी स्पर्धा ठेवतं. छान फोटो तयार होतो, खाली दोन ओळी लिहून तो व्हॉट्सअॅपवर सुटतो आणि त्यानंतर आठ दिवस दुकानाचा फोन वाजत राहतो. "भाऊ, फोटो कोण्या नंबरवर धाडायचा?" "लास्ट तारीख कोनती हाय?" "माही पोरगी सासरहून आली हाय, तिची रांगोळी चालते काय?" या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कॅप्शनमध्ये असायला हवं होतं.

मी आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दुकानांसाठी अशी कॅप्शनं लिहितो. पहिल्यांदा स्पर्धा ठेवणाऱ्या दुकानदारासाठी, किंवा ज्या पोराला "तू मोबाईलवर टाकून दे" असं सांगितलं जातं त्याच्यासाठी, हे लिहितोय. उदाहरणाला एक भांड्यांचं दुकान आणि २०२६ ची दिवाळी घेतली आहे. तुमचं दुकान वेगळं असेल तर वस्तू बदला, क्रम तोच ठेवा.

लिहायला बसण्याआधी हे हाताशी ठेवा

- यंदाचं पंचांग किंवा कॅलेंडर
- बक्षिसाच्या वस्तू (प्रत्यक्ष दुकानात बाजूला काढून ठेवलेल्या) आणि त्यांचा एक फोटो
- दोन परीक्षकांचा होकार
- फोटो घेण्यासाठी एकच व्हॉट्सअॅप नंबर, जो दिवाळीत कोणीतरी खरंच बघणार आहे
- एक वही: नाव, गाव, आल्याची वेळ, क्रमांक

परीक्षकांचा होकार आधी घ्या. दिवाळीत शिक्षक गावाला जातात आणि मग ऐन वेळी निकाल दुकानदारालाच लावावा लागतो. तो कितीही सरळ असला तरी "आपल्या गिऱ्हाइकाला दिलं" हे बोलणं त्याला चुकत नाही.

१. आधी तारखा ठरवा, मग बाकीचं

सगळ्यात जास्त गोंधळ तारखेचा होतो, म्हणून तिच्यापासून सुरुवात करा. "लक्ष्मीपूजनापर्यंत फोटो पाठवा" असं कधी लिहू नका. २०२५ मध्ये कुणी २० ऑक्टोबरला दिवाळी केली, तर आपल्या मराठी पंचांगांत लक्ष्मीपूजन २१ ला होतं. नुसता सण लिहिला असता तर कुणाची रांगोळी वेळेत आणि कुणाची उशिरा, हे ठरवायला भांडण झालं असतं.

२०२६ मध्ये दुसरीच गंमत आहे. धनत्रयोदशी शुक्रवारी ६ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजन रविवारी ८ ला, पाडवा मंगळवारी १० ला आणि भाऊबीज बुधवारी ११ ला. म्हणजे लक्ष्मीपूजन आणि पाडव्याच्या मधे सोमवार ९ नोव्हेंबर हा रिकामा दिवस येतो. दरवर्षीच्या सवयीनं "दुसऱ्या दिवशी पाडव्याला निकाल" असं लिहिलं तर लोक सोमवारी दुकानापुढे येऊन उभे राहतील. म्हणून तारीख, वार आणि वेळ ही तिन्ही लिहा: "९ नोव्हेंबर, सोमवार, रात्री ८ वाजेपर्यंत."

वेळ लिहिताना "रात्री १२" टाळा. "९ तारखेच्या रात्री १२" म्हणजे आठ तारीख संपतानाचे की नऊ संपतानाचे, यावर दोन माणसं दोन अर्थ काढतात. रात्री ८ म्हटलं की वाद नाही.

शेवटची तारीख लक्ष्मीपूजनाचीच ठेवू नका. त्या संध्याकाळी घरातली बाई फराळ, पूजा, पाहुणे यात गुंतलेली असते. शिवाय सगळं गाव एकाच वेळी फोटो पाठवत असल्यानं बऱ्याच खेड्यांत नेटवर्क रांगतं. रांगोळी ६ ते ८ या तीन दिवसांत कधीही काढलेली चालेल आणि फोटो ९ च्या रात्रीपर्यंत, असं ठेवलं की कापूस वेचायला जाणाऱ्या बाईलाही भाग घेता येतो. तिला दिवसभर वावरातून सुटका नसते, हे शहरातून उचललेल्या नमुन्यांत कुणाच्या लक्षात येत नाही.

आणखी एक, तारीख एकच असू द्या. नावनोंदणीची वेगळी आणि फोटोची वेगळी अशा दोन तारखा दिल्या तर निम्मे लोक चुकीची लक्षात ठेवतात. फोटो आला म्हणजे नाव नोंदलं, एवढं पुरे.

२. पहिली ओळ: जे कापलं जाणार नाही ते

व्हॉट्सअॅपवर लांब मजकूर अर्धाच दिसतो आणि पुढचं वाचायला दाबावं लागतं. इन्स्टाग्रामवर तर साधारण सव्वाशे अक्षरांनंतर मजकूर झाकला जातो. त्यामुळे "प्रकाशाच्या या मंगल पर्वावर आमच्या सर्व ग्राहकांना..." यात पहिली ओळ गेली की स्पर्धा आहे हेच कळत नाही. शुभेच्छा शेवटी द्या, त्या तिथंही पोचतात.

पहिल्या ओळीत चार गोष्टी बसवा: काय आहे, शेवटची तारीख, पहिलं बक्षीस, फी आहे की नाही. उदाहरणार्थ:

> दिवाळी रांगोळी स्पर्धा. फोटो ९ नोव्हेंबर, सोमवार, रात्री ८ पर्यंत. पहिलं बक्षीस ५ लिटरचा कुकर. प्रवेश फुकट.

तारीख फक्त फोटोवर छापून भागत नाही. ती मजकुरातही हवी, कारण कमी रेंजमध्ये फोटो उघडत नाही पण अक्षरं उघडतात. शिवाय चार दिवसांनी कुणी ग्रुपमध्ये "रांगोळी" शोधलं तर लिहिलेला मजकूर सापडतो, फोटोवरची अक्षरं सापडत नाहीत. फोटोवरची तारीख आणि कॅप्शनमधली तारीख एकच आहे ना, हे दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

३. प्रवेशाचे नियम: सात-आठ ओळी, पण नेमक्या

नियम म्हणजे कुणाला अडवायची यादी नव्हे. ज्यावरून नंतर बोलणं होऊ शकतं तेवढंच लिहायचं. आपल्या भागात वाद नेहमी ठराविक जागीच होतात.

*कोण भाग घेऊ शकतं.* "फक्त तालुक्यातील रहिवासी" असं लिहिलं की माहेरवाशिणी बाहेर पडतात, आणि दिवाळीत अंगणातली सगळ्यात देखणी रांगोळी बऱ्याचदा त्यांचीच असते. माणसाच्या पत्त्यापेक्षा रांगोळीचा पत्ता धरा: "रांगोळी आपल्या तालुक्यातल्या घरासमोर काढलेली असावी, काढणारी लेक, सून, पाहुणी, मुलगा कुणीही चालेल."

*जागा.* दिवाळीला कितीतरी घरांच्या अंगणात सोयाबीन पसरलेलं असतं, नाहीतर कापसाची पोती रचलेली असतात. "अंगणातील रांगोळी" असं लिहिलं तर ही घरं आपोआप गळतात. अंगण, ओटा, गच्ची, घरासमोरचा रस्ता, काहीही चालेल असं स्पष्ट लिहा.

*आकार.* मर्यादा दिली नाही तर मोठी रांगोळी जिंकते, चांगली मागे राहते. चार फूट लांब, चार फूट रुंद चौकात बसेल एवढी, हे माप बरं. फरशी मोजता येते, सारवलेल्या जागेवर काठीनं मोजता येतं.

*साहित्य.* रांगोळीची पूड, रंग, गेरू, हळद-कुंकू, फुलं चालतील. तयार छाप, साचा, जाळीची चाळणी, चिकटवायची स्टिकर रांगोळी चालणार नाही. हे नावानिशी लिहा. बाजारात दहा-वीस रुपयांना छाप मिळतात आणि "छाप वापरायचा नाही असं कुठं लिहिलं होतं?" हा प्रश्न हमखास येतो.

*फोटो.* हा नियम नीट समजून घ्या, कारण खोटेपणा इथूनच शिरतो. इंटरनेटवरून उचललेला किंवा मागच्या वर्षीचा फोटो पाठवणारे थोडे असतात, पण त्यातला एक जरी न पकडता सुटला तर सगळ्या स्पर्धेवर डाग येतो. म्हणून दोन फोटो मागा. पहिला फक्त रांगोळीचा, वरून घेतलेला, कुणाचा चेहरा न येता. दुसऱ्यात रांगोळीशेजारी कागदाची चिठ्ठी, तिच्यावर नाव, गाव आणि तारीख. दुसरा फोटो दुकानाच्या पडताळणीसाठी. पहिला परीक्षकांसाठी, त्यात नाव नसल्यामुळे कुणाची रांगोळी आहे ते त्यांना कळत नाही.

फोटो उजेडात काढायला सांगा. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास अंधारून येतं. फ्लॅश मारला की पांढरी रेघ फटफटीत होते, आणि नुसत्या पणतीच्या उजेडात लाल-केशरी-पिवळा सगळे एकसारखेच दिसतात. पणत्यांचा फोटो हवा असेल तर तिसरा पाठवू द्या, पण गुण उजेडातल्या फोटोला.

*फोटोचं पुढं काय होणार.* आलेले रांगोळीचे फोटो दुकानाच्या पानावर लावणार असाल तर तसं आधीच लिहा. मोबाईल नंबर कुणाला दिला जाणार नाही, हीसुद्धा ओळ टाका. या एका ओळीमुळे घरातल्या मोठ्यांची हरकत कमी होते आणि मुली मोकळेपणानं फोटो पाठवतात.

*खरेदीची अट ठेवू नका.* "५०० रुपयांच्या खरेदीवर प्रवेश" हे आकर्षक वाटतं, पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ विक्री वाढवण्यासाठी घेतलेल्या स्पर्धा आणि सोडतींकडे अनुचित व्यापार प्रथा म्हणून बघतो. बक्षिसांच्या योजनेचा निकाल भाग घेणाऱ्यांपासून लपवणंही त्यातच येतं. त्यामुळे प्रवेश फुकट, विजेता चिठ्ठी टाकून नव्हे तर गुणांवर, आणि निकाल त्याच ग्रुपवर जिथं जाहिरात गेली. या तीन गोष्टींनी स्पर्धा स्वच्छ राहते.

४. परीक्षण: लाईक मोजू नका

"ज्या फोटोला जास्त लाईक, तो विजेता" हे लिहायला सगळ्यात सोपं आणि गावासाठी सगळ्यात वाईट. ज्याच्या भाऊबंदांत पन्नास मोबाईल आहेत तो जिंकतो. साध्या फोनवरून शेजाऱ्याच्या मदतीनं फोटो पाठवणारी बाई सुरुवातीलाच हरलेली असते. फेसबुकचा स्वतःचा नियमही लक्षात असू द्या: "आपल्या टाइमलाइनवर शेअर करा" किंवा "मित्रांना टॅग करा, तरच प्रवेश" अशी अट त्यांना चालत नाही. स्पर्धेशी फेसबुकचा संबंध नाही, हेही कॅप्शनमध्ये लिहावं लागतं.

त्यापेक्षा पन्नास गुण ठरवा आणि ते कॅप्शनमध्येच छापा. माझी वाटणी अशी असते: रेषेची सफाई २०, रंगसंगती १०, कल्पना १०, मांडणी १०.

रेषेला सगळ्यात जास्त गुण का, हे परीक्षकांनाही समजावून सांगा. चिमटीतून पडणारी रेघ हीच हातातली खरी कला आहे. रंग विकत मिळतात, कल्पना मोबाईलवर सापडते, रेघ मात्र सरावानंच येते. फोटो मोठा करून तीन जागा बघायच्या: दोन रेघा मिळतात तो कोपरा, गोलाईचा शेवट, आणि रेघेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी आहे का. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपक्यांमधलं अंतर सारखं आहे का तेही बघायचं. पंधरा ते आठ मधल्या ठिपक्यांची रांगोळी एका बाजूला कलली असेल तर फोटोत लगेच दिसतं.

मांडणीचे गुण म्हणजे जागेचे गुण नव्हेत. शेणानं सारवलेल्या जमिनीवर पूड छान बसते आणि पांढरं उठून दिसतं. चकचकीत टाइल्सवर ती सरकते, पण रंग झळकतात. घर मातीचं की स्लॅबचं, याचा गुणांशी संबंध नाही, अशी एक ओळ परीक्षकांच्या कागदावर लिहून द्या.

ठिपक्यांची आणि मुक्तहस्त (गालिचा, संस्कार भारती पद्धतीची) रांगोळी एकत्र तोलणं अवघड जातं. बोटांनी रंग पसरून काढलेला गालिचा फोटोत भरगच्च दिसतो आणि ठिपक्यांची नाजूक रांगोळी त्याच्यापुढे फिकी वाटते. बक्षिसं पुरेशी असतील तर दोन गट करा. नसतील तर किमान एक विशेष बक्षीस ठिपक्यांच्या रांगोळीला राखून ठेवा. आमच्या उदाहरणात तेच केलं आहे.

बरोबरी झाली तर काय, हेही आधी ठरवा. समजा क्रमांक २३ आणि क्रमांक ४१ या दोघींना प्रत्येकी ३८ गुण पडले. २३ ला रेषेचे १५, रंगाचे ८, कल्पनेचे ८, मांडणीचे ७. ४१ ला रेषेचे १३, रंगाचे ९, कल्पनेचे ९, मांडणीचे ७. नियम "बरोबरी झाल्यास रेषेचे गुण जास्त ती पुढे" असा असेल तर २३ पुढे जाते आणि कुणाला काही बोलायला जागा राहत नाही. हा नियम निकालाच्या दिवशी सांगितला तर मात्र तो बनवलेला वाटतो.

परीक्षक दोन असावेत. एक चित्रकलेचे शिक्षक आणि एक गावात रांगोळीसाठी ओळखली जाणारी बाई, ही जोडी चांगली जमते. दोघांच्या गुणांची सरासरी घ्या. दुकानदार आणि त्याच्या घरचे ना परीक्षक असावेत ना स्पर्धक, आणि हे कॅप्शनमध्ये लिहा.

५. बक्षिसं: वस्तूचं नाव लिहा

"आकर्षक बक्षिसे" हे दोन शब्द वाचून आता कुणी हलत नाही. "२००० रुपयांपर्यंतची बक्षिसे" हेही नको, कारण "पर्यंत" म्हणजे कितीही कमी. वस्तू, माप आणि संख्या लिहा: "५ लिटरचा प्रेशर कुकर, १ नग." दुकानात ठेवलेल्या वस्तूचाच फोटो लावा. इंटरनेटवरचा चकचकीत फोटो लावून साधी वस्तू दिली तर ती बाई परत दुकानात येत नाही.

कूपन देत असाल तर अट लिहा किंवा अटच ठेवू नका. ३०० रुपयांचं कूपन आणि ते वापरायला १५०० रुपयांची खरेदी, हे बक्षीस नव्हे.

वाटपाचा दिवस बक्षिसाइतकाच महत्त्वाचा आहे. माहेरवाशीण भाऊबीज झाली की सासरी निघते. म्हणून पाडव्याला निकाल आणि भाऊबीजेला वाटप. तिला जमलं नाही तर घरचं कुणीही येऊन ३० नोव्हेंबरपर्यंत नेऊ शकेल, अशी सोय ठेवा. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, तिथल्या दुकानांनी वाटपाचा दिवस आपल्या मंडईचा दिवस बघूनच ठरवावा, नाहीतर दुकानात कुणी फिरकणार नाही.

६. पूर्ण कॅप्शन

आता हे सगळं एकत्र आणलं की असं दिसतं. कंसातल्या जागा तुम्ही भरायच्या.

> दिवाळी रांगोळी स्पर्धा २०२६. फोटो ९ नोव्हेंबर, सोमवार, रात्री ८ पर्यंत. पहिलं बक्षीस ५ लिटरचा कुकर. प्रवेश फुकट.
>
> (दुकानाचं नाव), बसस्टँडसमोर, (गाव)
>
> कोणासाठी: आपल्या तालुक्यातल्या घरासमोर रांगोळी काढणाऱ्या सर्वांसाठी. माहेरी आलेल्या लेकींचं खास स्वागत. वयाची अट नाही. खरेदीची अट नाही.
>
> कधी काढायची: ६ नोव्हेंबर (शुक्रवार) ते ८ नोव्हेंबर (रविवार)
>
> नियम:
> १) एका घरातून एकच रांगोळी.
> २) अंगण, ओटा, गच्ची, रस्ता कुठंही चालेल. आकार ४ फूट × ४ फुटांच्या आत.
> ३) छाप, साचा, चाळणी, स्टिकर चालणार नाही.
> ४) दिवसाच्या उजेडातले दोन फोटो पाठवा: एक फक्त रांगोळीचा, एक रांगोळीशेजारी नाव-गाव-तारखेची चिठ्ठी ठेवून.
> ५) फोटो फक्त या व्हॉट्सअॅप नंबरवर: (नंबर). ग्रुपवर टाकलेला फोटो धरला जाणार नाही.
> ६) रांगोळीचे फोटो दुकानाच्या पानावर लावले जातील. मोबाईल नंबर कुणालाही दिला जाणार नाही.
> ७) दुकानदार व परीक्षक यांच्या घरच्यांना भाग घेता येणार नाही.
>
> परीक्षण (५० गुण): रेषेची सफाई २०, रंगसंगती १०, कल्पना १०, मांडणी १०. दोन परीक्षक, नाव न बघता. बरोबरी झाल्यास रेषेचे गुण जास्त ती रांगोळी पुढे. लाईकवर निकाल नाही.
>
> बक्षिसं:
> पहिलं: ५ लिटरचा प्रेशर कुकर
> दुसरं: पितळी समई, १ जोडी
> तिसरं: स्टीलचे डबे, ५ नगांचा संच
> ठिपक्यांची उत्तम रांगोळी (विशेष): पितळी निरांजन, १ जोडी
>
> निकाल: १० नोव्हेंबर, मंगळवार (पाडवा), संध्याकाळी ५ वाजता, याच ग्रुपवर.
> वाटप: ११ नोव्हेंबर, बुधवार (भाऊबीज), सकाळी ११ ते दुपारी २, दुकानात. नंतर ३० नोव्हेंबरपर्यंत कधीही.
>
> सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा!

फेसबुकवर टाकताना शेवटी "या स्पर्धेचा फेसबुकशी काहीही संबंध नाही" ही ओळ जोडा. व्हॉट्सअॅपवर तारखेची ओळ ठळक करायची असेल तर तिच्या दोन्ही टोकांना तारका (*) लावा. सगळंच ठळक केलं तर काहीच उठून दिसत नाही, म्हणून ठळक फक्त शेवटची तारीख आणि नंबर.

७. टाकताना आणि टाकल्यावर

व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मजकूर पंधरा मिनिटांपर्यंतच बदलता येतो, आणि तेवढ्यात कुणी पुढं पाठवला असेल तर ती प्रत तशीच फिरत राहते. त्यामुळे आधी स्वतःच्याच नंबरवर पाठवा, घरातल्या अशा माणसाला वाचायला द्या ज्याला स्पर्धेबद्दल काही माहीत नाही, आणि त्याला विचारा: कधीपर्यंत, कुठं पाठवायचं, काय मिळणार? त्याला तिन्ही उत्तरं न अडखळता देता आली की मगच ग्रुपवर सोडा.

तरीही चूक गेली तर जुना मजकूर सगळ्यांसाठी पुसा आणि नवीन टाकताना पहिल्या ओळीत "सुधारित" लिहा. शेवटची तारीख पुढं ढकलू शकता, अलीकडे कधीच आणू नका. जुना मजकूर वाचलेला माणूस त्यात फसतो.

स्टेटस चोवीस तासांत जातं, म्हणून ५ तारखेपासून रोज सकाळी ते पुन्हा लावा. सोबत फक्त पहिली ओळ आणि नंबर पुरेसा आहे. फोटो आला की लगेच उत्तर द्या: "मिळाला. तुमचा क्रमांक १७." हे उत्तर नाही गेलं तर तीच बाई तोच फोटो चार वेळा पाठवते आणि वहीत चार नोंदी होतात. चिठ्ठीचा फोटो नसेल तर त्याच उत्तरात मागून घ्या, नऊच्या रात्री आठला मागून उपयोग नाही.

निकालाच्या मजकुरात विजेत्यांचा क्रमांक, नाव, गाव आणि चारही भागांचे गुण लिहा, आणि एकूण किती रांगोळ्या आल्या तेही. मग खाली वाटपाची तारीख, वार, वेळ पुन्हा एकदा.